आई-बाबांना: आलेल्या फोनवर कुणाचीच ओळख पटत नसते

आई, बाबा,

हे नीट लिहून पाठवतेय, कारण फोनवर सांगितलं की तुम्ही "हो हो, कळलं" म्हणता आणि बोलणं दुसरीकडे जातं. दोघांनी एकत्र बसून वाचा. एका दमात वाचून झालं नाही तरी चालेल.

बाबा, मागच्या महिन्यात तुम्हाला आलेल्या फोनपासून सुरुवात करते. त्यात तुमची चूक होती म्हणून नाही, तर त्या दहा मिनिटांत या माणसांची सगळी रीत दिसते म्हणून.

फोन करणारा म्हणाला, "मी तुमच्या बँकेच्या फसवणूक प्रतिबंध विभागातून बोलतोय. तुमच्या कार्डावरून ४८ हजारांची खरेदी होतेय, ती तुम्हीच करताय का?" तुम्ही नाही म्हणालात. त्यावर तो म्हणाला, "मग मी लगेच थांबवतो, फक्त लाइनवर राहा." त्याला तुमचं पूर्ण नाव आणि बँक माहीत होती. "खात्रीसाठी तुमच्या कार्डाचे पहिले सहा आकडे मीच वाचून दाखवतो," असं म्हणून त्याने ते बरोबर वाचले. मग म्हणाला, "आता बँकेकडून मेसेज येईल." आणि खरंच आला. बँकेचे नेहमीचे मेसेज ज्या रांगेत येतात, तिथेच आला. "हा व्यवहार रद्द करायचा नंबर आहे, वाचा." तुम्ही चष्मा शोधत होतात, तेवढ्यात आईने आतून विचारलं, "कोणाचा फोन आहे?" तो घाईने म्हणाला, "घरात कुणाला सांगू नका, चौकशी चालू आहे." तिथे तुम्हाला खटकलं आणि तुम्ही फोन ठेवलात. पैसे वाचले.

मला वाटतं, आईने तेव्हा विचारलं नसतं तर तुम्ही तो नंबर वाचला असता. तुमच्या जागी मी असते तरी कदाचित वाचला असता. त्याने दाखवलेला प्रत्येक पुरावा खरा दिसत होता, म्हणून आता तेच पुरावे एकेक करून बघू.

नाव आणि बँक यांची माहिती असणं हा पुरावाच नाही. लोकांच्या नावांच्या, नंबरांच्या, खात्यांच्या याद्या चोरीला जातात आणि विकल्या जातात. कार्डाचे पहिले सहा आकडे तर तुमचे एकट्याचे नसतातच. त्यावरून कार्ड कुठल्या बँकेचं आणि कुठल्या प्रकारचं आहे ते कळतं, आणि त्याच प्रकारच्या हजारो कार्डांवर तेच आकडे असतात. तुमची बँक आणि कार्डाचा प्रकार ठाऊक असलेल्या कुणालाही ते सापडतात. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, समोरच्याच्या पुढ्यात आपलं कार्डच आहे.

फोनच्या पडद्यावर दिसणारं नाव किंवा नंबर हाही पुरावा नाही. पडद्यावर काय दिसावं हे फोन करणाऱ्याच्या बाजूने ठरवता येतं. खऱ्या बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा नंबर दाखवून खोटा फोन करता येतो. अनोळखी नंबराचं नाव दाखवणारी जी अ‍ॅप असतात, त्यांतली नावं लोकांनीच दिलेली असतात. ठगाने स्वतःला "बँक हेल्पलाइन" म्हणवून घेतलं तर तेच नाव दिसेल.

आता सगळ्यात फसवा पुरावा, तो मेसेज. मेसेज खरा होता, बँकेनेच पाठवला होता. पण का पाठवला? कारण त्याच क्षणी तो माणूस दुसऱ्या हाताने तुमच्या कार्डावरून खरेदी करत होता. कार्डाचे तपशील त्याच्याकडे आधीच होते, अडला होता तो फक्त शेवटच्या नंबरापाशी, म्हणजे ओटीपीपाशी. बँकेने नियमाप्रमाणे ओटीपी तुम्हाला पाठवला. नंतर तुम्ही मला तो मेसेज दाखवलात, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हा नंबर ४८,००० च्या खरेदीसाठी आहे आणि तो कुणालाही सांगू नये. त्याने तुमचं लक्ष फक्त आकड्यांवर ठेवलं, वाक्य वाचूच दिलं नाही. "बँकेचा मेसेज आला, म्हणजे बोलणारा बँकेचाच" हा निष्कर्ष आपण काढतो, आणि त्यांना नेमका तोच हवा असतो.

ओटीपी म्हणजे तुमची सही. सही पैसे द्यायला लागते, थांबवायला लागत नाही. बँकेला व्यवहार अडवायचा असेल तर ती स्वतःच अडवते, तुम्हाला काही विचारावं लागत नाही. "रद्द करायचा ओटीपी", "परत मिळवायचा ओटीपी" असं काही नसतं. यूपीआयच्या पिनचंही तसंच आहे. कुणाकडून पैसे घ्यायला तो टाकावा लागत नाही, द्यायला लागतो.

यातून मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. समोरच्याने केलेल्या फोनवर, त्याच फोनवर असताना, तो कोण आहे याची खात्री करता येत नाही. कितीही प्रश्न विचारा, तो उत्तरं देईल. नोकरीचा क्रमांक विचारलात तर सांगेल, ओळखपत्राचा फोटो पाठवेल, "साहेबांशी बोला" म्हणून फोन दुसऱ्याकडे देईल, आणि तो साहेबही त्यांचाच असेल. खात्री फक्त एकाच दिशेने होते: तो फोन ठेवायचा आणि आपण होऊन, आपल्याकडच्या नंबरावर, नवा फोन लावायचा.

फोन कसा ठेवायचा

हे तुम्हाला सगळ्यात जड जातं, मला माहीत आहे. समोरचा "सर", "काका", "आजी" म्हणून आदराने बोलत असताना मध्येच फोन ठेवणं तुमच्या स्वभावात नाही. म्हणून एक वाक्य ठरवून देते, ते फोनजवळ कागदावर लिहून ठेवा:

"आत्ता बोलता येणार नाही. मी स्वतः तुमच्या ऑफिसला फोन करते."

बाबा, तुमच्यासाठी "करतो". एवढंच म्हणायचं आणि ठेवायचं. उत्तराची वाट बघायची नाही, कारण उत्तर तयारच असतं: "तोपर्यंत पैसे जातील", "मग जबाबदारी तुमची", "पाच मिनिटांत खातं बंद होईल". खरा कर्मचारी असेल तर तुम्ही ऑफिसला फोन करताय याचं त्याला काहीच वाटणार नाही. जो तुम्हाला लाइनवर अडकवून ठेवायची धडपड करतो, त्याला तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलणं परवडत नाही. मला तर खोटा फोन ओळखण्याची हीच सगळ्यात भरवशाची खूण वाटते. तो काय सांगतो त्याकडे बघूच नका, फोन ठेवायचं म्हटल्यावर तो कसा वागतो ते बघा.

"हो", "नाही" अशी उत्तरंही लांबवत बसू नका. "तुमची जन्मतारीख फक्त खात्रीसाठी सांगा" म्हटलं तरी नाही. फोन त्याने केलाय, तर ओळख त्याने पटवायची, तुम्ही नाही.

नवा फोन कुठे आणि कसा लावायचा

फोन ठेवला की आधी पाणी प्या. खरंच सांगतेय. त्यांनी छातीत धडधड सुरू करून दिलेली असते आणि त्या धडधडीत माणूस हातात येईल तो नंबर लावतो. पाच मिनिटांनी काहीही बिघडत नाही.

नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा मी करून देणार आहे त्या वहीतला. त्या माणसाने दिलेला नंबर लावायचा नाही. त्याने ज्या नंबरावरून फोन केला त्यावर उलट फोन करायचा नाही. इंटरनेटवर शोधूनही लावायचा नाही, हे आवर्जून सांगते. ग्राहकसेवेच्या नावाने खोटे नंबर लोकांनी इंटरनेटवर आणि नकाशांवर पेरून ठेवलेले असतात. आपण आपणहून फोन केला म्हणून निर्धास्त होतो आणि थेट ठगाकडेच पोहोचतो.

शक्य असेल तर दुसऱ्याचा फोन वापरा, बाबांना फोन आला तर आईच्या फोनवरून लावा. घरच्या जुन्या लँडलाइनवर एक जुनी युक्तीही चालते. काही ठिकाणी फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला नाही तर लाइन थोडा वेळ चालूच राहते. तो आपल्याला डायल टोनची नक्कल ऐकवतो, आपण बँकेचा नंबर फिरवतो, आणि पलीकडे तोच माणूस "नमस्कार, बँक" म्हणतो. फोन दुसरा असेल तर हा प्रश्नच येत नाही.

नवा फोन लागला की गोष्ट सांगायला सुरुवात करू नका. मोकळा प्रश्न विचारा: "माझ्या खात्यावर आज काही अडचण नोंदवली आहे का?" खरंच काही असेल तर ते त्यांना दिसेल. नसेल तर दोन मिनिटांत कळेल.

अजून एक. पहिला फोन चालू असताना तो म्हणेल, "तुम्हाला आणखी एक फोन येतोय, तो घ्या आणि दोन्ही कॉल जोडा," म्हणजे मर्ज करा. तो दुसरा फोन म्हणजे ओटीपी बोलून दाखवणारा यंत्राचा फोन असू शकतो. जोडला की नंबर त्याला ऐकू जातो, तुम्ही तोंडातून एक शब्द काढला नाहीत तरी.

वेश बदलतात, रीत तीच

बँकवाल्याच्या जागी पोलीसवाला आला की भीती दहापट होते. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले", "तुमच्या ओळखपत्रावर घेतलेलं सिम गुन्ह्यात वापरलं गेलं". मग व्हिडिओ कॉल येतो, समोर गणवेशातला माणूस, मागे कार्यालय, भिंतीवर चिन्ह. तुम्हाला कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाहीत, तासन्‌तास, कधी कधी काही दिवससुद्धा. यालाच डिजिटल अरेस्ट म्हणतात, आणि कायद्यात अशी अटक नाहीच. पोलीस फोनवर अटक करत नाहीत, व्हिडिओवर जबाब घेऊन "तपासणीसाठी पैसे सुरक्षित खात्यात हलवा" म्हणत नाहीत. "सुरक्षित खातं" हे दोन शब्द कुणाच्याही तोंडून आले की तो ठग, इतकं पक्कं धरा. असा कॉल आला तर तिथल्या तिथे कापा. कापल्याने गुन्हा होत नाही. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा किंवा मला बोलवा, मी येते.

दुसरा वेश मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आपल्याच माणसाचा असतो. रात्री फोन येतो, नातवाचा आवाज: "आजी, मी अडचणीत आहे, अपघात झालाय, आई-बाबांना सांगू नकोस." पाठोपाठ "वकील" किंवा "डॉक्टर" फोन घेतो आणि ताबडतोब पैसे मागतो. पूर्वी रडवेल्या आवाजावर काम भागवत, कारण रडताना आवाज ओळखू येत नाही. आता कुठल्याशा व्हिडिओतला थोडासा आवाज घेऊन संगणकाने त्याची नक्कल करता येते. म्हणून आवाज ओळखीचा वाटला तरी तो पुरावा धरायचा नाही. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण तसंच आहे.

यासाठी आपण घरात एक शब्द ठरवू. तो मी इथे लिहीत नाही आणि मेसेजमध्येही पाठवणार नाही, भेटल्यावर कानात सांगेन. कुत्र्याचं नाव, वाढदिवस असं काही नको, ते लोकांना आपल्या फोटोंवरून कळतं. असा फोन आला तर फक्त विचारायचं, "आपला शब्द काय?" गांगरून मूल खरंच शब्द विसरलं, तर? तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरावर फोन करा. लागला नाही तर मला, मी उचलला नाही तर दादाला. या तिघांपैकी एकाशी बोलणं झाल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही. मेसेजवर ओळखीच्या खात्यातून कुणी पैसे मागितले तरी हेच. खातं चोरीला गेलेलं असू शकतं, म्हणून साधा फोन करून आवाजात विचारा आणि शब्दही विचारा.

तिसरा वेश मदतनिसाचा. सिम बंद होणार आहे, पार्सल अडकलंय, केवायसी राहिलीय. हा घाबरवत नाही, गोड बोलतो, आणि फोनवर काहीतरी करायला लावतो. ते तीनपैकी एक असतं.

एक, पडदा दाखवायला लावतो. AnyDesk किंवा TeamViewer टाकायला सांगतो आणि पडद्यावर दिसणारा नंबर वाचायला लावतो, किंवा व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन शेअर करायला सांगतो. मग तुम्ही ओटीपी सांगितला नाहीत तरी तो येताना त्याला दिसतो. ही अ‍ॅप स्वतः वाईट नाहीत, मीही कधी त्यातून तुमचा फोन दुरुस्त करते. पण फोन करणाऱ्याने सांगितली म्हणून टाकायची नाहीत.

दोन, फाइल पाठवतो. नावाच्या शेवटी .apk असेल तर ते अ‍ॅप आहे, मग वर लग्नपत्रिका लिहिलेलं असो की बिल. ते उघडून परवानग्या दिल्या की ते तुमचे मेसेज वाचून पुढे पाठवू शकतं.

तीन, काही आकडे डायल करायला लावतो, ज्यांत चांदणी आणि मध्ये एक फोन नंबर असतो. त्याने तुमचे येणारे फोन त्याच्याकडे वळतात. मग ओटीपी फोनवर बोलून सांगणारी यंत्रणा त्याला फोन करते आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हाती जाऊ शकतं. याची खूण म्हणजे अचानक फोन येणंच थांबतं. शंका आली तर खालची पहिली ओळ डायल करून बघा, फोन वळवलेले आहेत का ते पडद्यावर येतं. दुसऱ्या ओळीने सगळे वळवलेले फोन रद्द होतात.

```
*#21#
##002#
```

पडद्यावर काहीच आलं नाही किंवा समजलं नाही, तर तुमच्या मोबाइल कंपनीच्या केंद्रात जाऊन विचारा. भेटल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅपला आणखी एक कुलूप लावून देईन, सहा आकडी पिनचं. म्हणजे कोड चोरीला गेला तरी खातं सहजासहजी जाणार नाही.

चुकून सांगितलंच तर

तेव्हा पहिला फोन बँकेला, दुसऱ्याच्या फोनवरून, कार्डामागच्या नंबरावर: "माझं कार्ड आणि खातं आत्ता बंद करा." पडदा दाखवलेला असेल किंवा फाइल उघडली असेल तर त्याआधी आपल्या फोनचा विमान मोड चालू करा आणि वायफायही बंद करा, म्हणजे त्याचा हात सुटतो. मग तक्रार. भारतात असाल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. घाई इथे करायची, फक्त इथेच. गेलेले पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जातात. वाटेत असताना ते गोठवता येतात, कुणी काढून घेतल्यावर फार अवघड होतं. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, मेसेज पुसू नका.

त्याच दिवशी मलाही सांगा. मी रागावणार नाही. "मुलीला कळलं तर काय म्हणेल" या विचारात गेलेला एक दिवस त्या ठगाच्या कामाचा असतो. आणखी एक: काही दिवसांनी एखादा "अधिकारी" फोन करेल की तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. तो फोनही तसाच कापायचा.

येताना मी वही आणतेय. पहिल्या पानावर बँकेचे, दवाखान्याचे, मोबाइल कंपनीचे आणि आपल्या चौघांचे नंबर मोठ्या अक्षरात, आणि वर ते एक वाक्य. ती फोनजवळच ठेवायची, कपाटात नाही. शब्द तेव्हाच सांगेन. त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी तुम्हाला अनोळखी नंबरावरून फोन येईल आणि माझ्याच आवाजात कुणीतरी घाईघाईने पैसे मागेल. ती मी असेन. मला शब्द विचारा, नाहीतर फोन ठेवून माझ्या नंबरावर करा. दोन्हींतलं काहीच केलं नाहीत, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करेन.